कमेंट बंद की अडकलेली?

यूट्यूबवर व्हिडिओ पाहून झाला, दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या, आणि खाली गेलो तर लिहायला जागाच नाही. ही झाली एक तक्रार. दुसरी जरा वेगळी: जागा आहे, आपण लिहिलं, आपल्याला ते दिसतंही, पण भाचीला व्हिडिओ पाठवून 'खाली माझी कमेंट वाच' म्हटलं, तर ती म्हणते, 'मामा, इथे तुमचं काहीच नाही.' या दोन्ही तक्रारींना लोक सरसकट 'कमेंट बंद केल्यात' असं म्हणतात. प्रत्यक्षात पहिल्या प्रकारात कमेंट खरोखर बंद असतात. दुसऱ्यात त्या चालू असतात, फक्त आपली कमेंट चॅनेलवाल्याच्या मंजुरीसाठी थांबवून ठेवलेली असते. बंद असेल तर यूट्यूब ते स्क्रीनवर लिहून सांगतं. थांबवून ठेवलेल्या कमेंटबद्दल मात्र ते लिहिणाऱ्याला कळवत नाही. म्हणून पहिली गोष्ट नुसती वाचून कळते आणि दुसरी आडून तपासावी लागते.

आधी सोपी बाजू. कमेंट बंद असलेल्या व्हिडिओखाली, एरवी जिथे कमेंट सुरू होतात तिथे, `Comments are turned off` असं वाक्य आणि शेजारी `Learn more` दिसतं. यूट्यूब मराठीतून वापरत असाल तर हेच मराठीत येतं. वाक्य दिसलं की प्रश्न संपला: त्या व्हिडिओवर कुणालाच लिहिता येणार नाही आणि आधीच्या कमेंट असल्या तरी त्या कुणाला दिसणार नाहीत. तुमच्या खात्यावर कुणी राग धरलेला नाही, हे सांगणं जरूर आहे, कारण पुष्कळांना आधी तीच शंका येते.

वाक्य दिसत नाही आणि कमेंटही दिसत नाहीत, नुसतं गोल चक्र फिरतंय किंवा जागा कोरी आहे, तर तो बहुधा नेटचा किंवा ब्राउझरचा दोष असतो. जाहिराती अडवणारी जोडणी काही वेळा कमेंटही लोड होऊ देत नाही. ती बंद करून पान पुन्हा उघडलं की कळतं. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर आणखी एक प्रकार आढळतो. तिथे `Restricted Mode` चालू असेल तर सगळ्याच व्हिडिओंच्या कमेंट दडवलेल्या असतात, आणि यूट्यूब तसं खाली लिहितंही. तोच व्हिडिओ घरच्या मोबाइल डेटावर उघडला की कमेंट हजर. ही बंदी व्हिडिओवर नसते, पाहणाऱ्याच्या बाजूला असते.

मधली एक स्थिती आहे ती 'पॉज'ची. यात जुन्या कमेंट वाचता येतात, नवी लिहिता येत नाही. एखाद्या व्हिडिओखाली भांडण पेटलं की चॅनेलवाले हा उपाय करतात. खाली शेकडो कमेंट दिसतात पण लिहायची चौकट गायब, असं दिसलं तर हेच झालं आहे असं समजावं.

कमेंट नेमक्या कुणी बंद केल्या हे मात्र त्या वाक्यावरून कळत नाही. चॅनेलवाल्याने स्वतः केल्या असोत वा यूट्यूबने, शब्द तेच. मराठी बालगीतांच्या, बडबडगीतांच्या व्हिडिओंखाली हे वाक्य सर्रास दिसतं आणि आईवडिलांना वाटतं की चॅनेलवाले शिष्ट आहेत. कारण वेगळंच आहे, आणि ते अमेरिकेतलं आहे. मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यूयॉर्क राज्याने गूगलशी सप्टेंबर २०१९ मध्ये १७ कोटी डॉलरची तडजोड केली. त्या तडजोडीनुसार जानेवारी २०२० पासून प्रत्येक चॅनेलवाल्याला आपला व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे सांगणं बंधनकारक झालं. 'मुलांसाठी' अशी खूण पडली की कमेंट आपोआप बंद होतात, मग चॅनेल मुंबईचं असो की मेलबर्नचं. ही खूण यूट्यूब स्वतःहूनही लावू शकतं. त्याआधी, फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस, लहान मुलं दिसणाऱ्या असंख्य व्हिडिओंवरच्या कमेंट यूट्यूबने बंद केल्या होत्या, कारण काही लोक त्या जागेचा अत्यंत घाणेरडा वापर करत असल्याचं उघड झालं आणि मोठमोठ्या जाहिरातदारांनी पाठ फिरवली.

तेव्हा बालगीताखाली कमेंट बंद दिसल्या तर एक छोटी परीक्षा घ्यावी. तो व्हिडिओ आपल्या प्लेलिस्टमध्ये जतन करायला जा. 'मुलांसाठी' अशी खूण असेल तर तेही करता येत नाही, आणि मुलांसाठीच्या मजकुरावर ही सोय बंद आहे असा निरोप येतो. जतन करता आलं, पण कमेंट बंद, तर निर्णय बहुधा चॅनेलवाल्याचा.

आता खऱ्या गुंत्याकडे वळू. चॅनेलवाल्याला यूट्यूबच्या `Studio` मध्ये कमेंट चालू ठेवूनही त्यांना किती चाळायचं हे ठरवता येतं. चार पायऱ्या आहेत: `None`, `Basic`, `Strict` आणि `Hold all`. पहिलीत काहीच अडत नाही. दुसरीत यूट्यूबच्या यंत्रणेला आक्षेपार्ह वाटणाऱ्या कमेंट बाजूला काढल्या जातात, तिसरीत ही चाळणी अधिक बारीक होते. चौथीत प्रत्येक कमेंट थांबते आणि चॅनेलवाल्याने मंजूर केल्यावरच लोकांना दिसते. ही झाली व्हिडिओनिहाय व्यवस्था. याशिवाय संपूर्ण चॅनेलला लागू होणाऱ्या आणखी काही गोष्टी असतात. नको असलेल्या शब्दांची यादी देता येते. त्यातला शब्द आला की कमेंट थांबते. लिंक अडवण्याची खूण करता येते, आणि तिचा एक पैलू फारसा कुणाला माहीत नसतो: ती लिंकसोबत हॅशटॅग असलेल्या कमेंटही थांबवते. एखाद्या माणसाला चॅनेलपुरतं लपवूनही टाकता येतं. तो लिहीत राहतो, ते बाकी कुणाला दिसत नाही, आणि त्याला तसं सांगितलंही जात नाही. उलट बाजूला काही विश्वासू लोकांची यादी असते. त्यांच्या कमेंटना चाळणीच लागत नाही.

थांबवलेली कमेंट लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा नेहमीसारखीच दिसते. नाव, फोटो, '५ मिनिटांपूर्वी', सगळं जागच्या जागी. म्हणून आपल्या खात्यातून पाहून काहीही सिद्ध होत नाही. तपासायचं ते परक्याच्या डोळ्यांनी.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीचे एक निवृत्त शिक्षक गूळपोळीचा व्हिडिओ पाहतात. कृतीत गूळ कच्चाच किसून भरायला सांगितलाय आणि तीळ, खसखस, भाजलेलं बेसन यांचा पत्ता नाही. ते सविस्तर लिहितात, शेवटी आपल्या पत्नीच्या कृतीची लिंक देतात आणि `#गूळपोळी` असा हॅशटॅगही टाकतात. दोन दिवस झाले, एकही लाइक नाही, उत्तर नाही. त्यांच्या मुलीला पुण्यातून ती कमेंट दिसत नाही. आता शोध सुरू.

सगळ्यात आधी क्रम बदलायचा. कमेंटच्या वरच्या बाजूला `Sort by` असतं. तिथे मूळ निवड `Top comments` ही असते आणि तीत हजारो कमेंटच्या ढिगाऱ्यात आपली कुठे तरी तळाशी असू शकते. `Newest first` निवडलं की नव्या वर येतात. मुलीने पुण्यात हेच केलं असतं तर निम्मी शंका तिथेच मिटली असती. माझ्या मते 'माझी कमेंट काढून टाकली' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची कमेंट या ढिगाऱ्यातच असते.

त्यानंतर खात्यातून बाहेर पडून पाहायचं. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडायची, म्हणजे यूट्यूबला आपण कोण ते कळत नाही, आणि तोच व्हिडिओ लावून नव्या कमेंट आधी पाहायच्या. मास्तरांची दिसली तर ती प्रसिद्ध झालेली आहे. न दिसल्यास आणखी पक्की परीक्षा आहे. आपल्या नेहमीच्या खात्यात कमेंटवरच्या नावाशेजारी लिहिलेल्या वेळेवर क्लिक करायचं. पत्त्याच्या पट्टीत व्हिडिओच्या पत्त्याला पुढे `&lc=` आणि अक्षरांची लांब माळ जोडलेली दिसते. तो त्या एका कमेंटचा पत्ता. तो संपूर्ण पत्ता इन्कॉग्निटो खिडकीत चिकटवायचा. कमेंट जाहीर असेल तर ती सगळ्यांच्या वर, वेगळी दाखवलेली येते. थांबवलेली असेल तर नेहमीचीच यादी येते आणि ती त्यात नसते. उत्तरादाखल लिहिलेल्या कमेंटलाही हीच युक्ती लागू पडते, आणि तिथे तर ती जास्तच उपयोगी, कारण उत्तरं वरच्या क्रम बदलण्याने हलत नाहीत.

मास्तरांच्या बाबतीत ती वर आली नाही. म्हणजे ती लोकांना दिसत नाही, एवढं ठरलं. आता दुसरा प्रश्न: सगळ्यांच्याच कमेंट अडताहेत की यांचीच? याचं उत्तर इतरांच्या कमेंटवरून काढायचं. त्या व्हिडिओवर गेल्या तासाभरात कुणाकुणाच्या कमेंट आल्या आहेत? अर्ध्या तासापूर्वीची, दहा मिनिटांपूर्वीची, अगदी आत्ताची, अशा सलग दिसत असतील तर सगळ्या थांबवण्याची चौथी पायरी बहुधा नाही. कुणी अष्टौप्रहर बसून मंजुरी देत असेल तर गोष्ट वेगळी. उलट लाखभर लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओखाली लिहायची चौकट आहे पण सगळ्यात नवी कमेंट चार दिवसांपूर्वीची, असं असेल तर चौथ्या पायरीची शंका बळावते.

इथे गूळपोळीखाली ताज्या कमेंट भरपूर होत्या. तेव्हा अडकली ती मास्तरांचीच, आणि संशय दोन गोष्टींवर: लिंक आणि हॅशटॅग. तपासायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मास्तरांनी नवी, छोटी कमेंट लिहिली: 'गूळ किसून घेतल्यावर त्यात भाजलेलं बेसन आणि तीळ-खसखशीची पूड घातली तर पोळी फुटत नाही.' लिंक नाही, हॅशटॅग नाही. तिचा पत्ता काढून इन्कॉग्निटोत उघडला. कमेंट सगळ्यात वर. म्हणजे माणूस लपवलेला नाही, चाळणी सगळ्यांना लागू नाही. अडकण्याचं कारण लिंक किंवा हॅशटॅग यातच आहे.

ही साधी कमेंटही दिसली नसती तर? मग दोन शक्यता उरतात. एक तर त्या चॅनेलने यांना लपवलं असेल, किंवा यूट्यूबच्या यंत्रणेनेच खात्याला संशयास्पद ठरवलं असेल. दुसरीची पडताळणी सोपी आहे: अगदी वेगळ्या दोनतीन चॅनेलवर साधी कमेंट लिहून तीच परीक्षा घ्यायची. तिथे दिसली तर अडचण एका चॅनेलपुरती. कुठेच दिसली नाही तर खात्याची. पण इथे उत्साह आवरावा लागतो. तोच मजकूर ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा चिकटवणं हेच यंत्रणेला स्पॅम वाटतं. यूट्यूबने डिसेंबर २०२२ पासून नियमबाह्य कमेंटबद्दल ताकीद द्यायला आणि न ऐकणाऱ्याला २४ तासांपर्यंत कमेंट करण्यापासून रोखायला सुरुवात केली. आपली कमेंट दिसत नाही म्हणून ती दहा वेळा टाकणारा माणूस हे संकट ओढवून घेतो.

कमेंट थांबवली आहे की काढूनच टाकली आहे, हेही थोडंफार कळू शकतं. `myactivity.google.com` वर यूट्यूबच्या कमेंटचा इतिहास असतो. नियम मोडला म्हणून यूट्यूबने काढलेली कमेंट त्या इतिहासात राहत नाही. इतिहासात आहे, परक्याच्या स्क्रीनवर नाही, तर ती अडकलेली असण्याची शक्यता अधिक. आणि उद्या-परवा ती अचानक दिसू लागली, तर ती थांबवलेली होती आणि चॅनेलवाल्याने मंजूर केली, हा पक्का पुरावा. बाहेरच्या माणसाला मिळणारा पक्का पुरावा हा एवढाच, आणि तोही मागाहून.

एक व्हिडिओ नव्हे तर पुष्कळ व्हिडिओ तपासायचे असतील, उदाहरणार्थ एखाद्या विद्यार्थ्याला शंभर मराठी बातम्यांच्या व्हिडिओंवर कमेंट चालू आहेत का ते पाहायचंय, तर हाताने करणं वैतागाचं. गूगलचा यूट्यूब डेटा एपीआय त्यासाठी आहे. गूगल क्लाउडवर तो चालू करून फुकट किल्ली मिळते, दिवसाला १०,००० एककं वापरता येतात, आणि खालच्या दोन प्रश्नांना प्रत्येकी एकच एकक लागतं. किल्ली आणि व्हिडिओचा क्रमांक घालून ब्राउझरच्या पट्टीत चिकटवलं तरी चालतं.

```
https://www.googleapis.com/youtube/v3/videos?part=statistics,status&id=VIDEO_ID&key=API_KEY
```

उत्तरात `commentCount` ही नोंद पाहायची. कमेंट चालू असून एकही आलेली नसेल तर तिथे शून्य येतं. कमेंट बंद असतील तर ती नोंदच नसते. त्याच उत्तरात `madeForKids` असतं. ते `true` असेल तर बंद असण्याचं कारणही कळलं, प्लेलिस्टची परीक्षा घ्यायला नको. खात्री हवी असेल तर कमेंटच मागायच्या:

```
https://www.googleapis.com/youtube/v3/commentThreads?part=snippet&videoId=VIDEO_ID&order=time&key=API_KEY
```

बंद असतील तर ४०३ क्रमांकाची चूक आणि तिच्यासोबत `commentsDisabled` हे कारण येतं. व्हिडिओचा क्रमांकच चुकला असेल तर ४०४ येते. दोन्हींची गल्लत करू नये, नाही तर टंकनाच्या चुकीपायी एखाद्या चॅनेलवर कमेंट बंद केल्याचा आळ येतो.

थांबवलेल्या कमेंट मात्र या दारानेही मिळत नाहीत. मागणीत `moderationStatus=heldForReview` असं लिहिण्याची सोय आहे, पण ती चॅनेलच्या मालकाने स्वतःच्या खात्याने परवानगी दिली तरच चालते. परक्याला फक्त जाहीर झालेल्या कमेंट मिळतात. रास्तच आहे. मंजुरीसाठी थांबवलेलं सगळं कुणालाही वाचता आलं तर थांबवण्याला अर्थ काय?

राहता राहिली चॅनेलवाल्याची बाजू, आणि गंमत अशी की कमेंट अडकल्याचं पुष्कळदा त्याच्याही गावी नसतं. घरगुती पाककृतींचं चॅनेल चालवणाऱ्या बाई व्हिडिओखालच्या कमेंट मोबाइलवर वाचतात, उत्तरं देतात, आणि त्यांना वाटतं की आलेलं सगळं इथंच आहे. थांबवलेल्या कमेंट तिथे नसतातच. त्या `studio.youtube.com` मध्ये कमेंटच्या विभागात, ज्याला नव्या मांडणीत `Community` म्हणतात, `Held for review` या कप्प्यात असतात. तिथे एकेक मंजूर करता येते, काढता येते, किंवा लिहिणाऱ्याला कायमचं विश्वासू यादीत घालता येतं. कप्प्यातल्या कमेंट ६० दिवसांपर्यंतच राहतात.

एकाच व्हिडिओची स्थिती पाहायची असेल तर `Studio` मध्ये `Content`, मग तो व्हिडिओ, मग तपशिलाच्या पानावर खाली `Show more`. तिथे कमेंटचा रकाना असतो. चालू, पॉज की बंद, आणि चालू असल्यास चारपैकी कोणती पायरी, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. रकाना फिकट असून बदलताच येत नसेल तर व्हिडिओवर 'मुलांसाठी' अशी खूण आहे का ते त्याच पानावर पाहावं. व्हिडिओ खासगी ठेवला असेल तरी कमेंट नसतात.

सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते मूळ सेटिंगपाशी. बाईंनी संक्रांतीच्या सुमारास कंटाळून चॅनेलचं सेटिंग `Hold all` केलं आणि चैत्रात ते परत `Basic` वर आणलं, तर त्यांना वाटतं, आता सगळीकडे कमेंट मोकळ्या. तसं होत नाही. हे मूळ सेटिंग पुढे चढवायच्या व्हिडिओंना लागू होतं. मधल्या काळात चढवलेले व्हिडिओ ज्या पायरीवर होते तिथेच राहतात. म्हणून एका चॅनेलवर होळीच्या पुरणपोळीखाली एकही कमेंट दिसत नाही आणि पाडव्याच्या श्रीखंडाखाली शेकडो, असा विचित्र प्रकार बाहेरून दिसतो. उपाय आहे: `Content` मध्ये ते सगळे व्हिडिओ एकत्र निवडायचे आणि `Edit` मधून कमेंटची पायरी एकदम बदलायची. आधीच थांबलेल्या कमेंट तरीही कप्प्यातच राहतात. त्या हातानेच मंजूर कराव्या लागतात.

सांगलीच्या मास्तरांपुढे आता एवढंच काम उरतं. चॅनेलच्या माहितीच्या पानावर ईमेल दिलेला असतो, तो बहुधा 'मी यंत्र नाही' अशी खूण केल्यावर दिसतो. त्यावर दोन ओळी लिहायच्या: अमुक तारखेला, अमुक नावाने, गूळपोळीच्या व्हिडिओखाली लिंक असलेली कमेंट केली आहे, ती थांबलेली दिसते, कप्प्यात एकदा पाहाल का. कमेंट शोधून काढायला तारीख आणि नाव पुरतं. फक्त पत्र दोन महिन्यांच्या आत गेलं पाहिजे.